निकाल न सांगणारे टिपण

बैलगाडा शर्यतीविषयी मत नाही असा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत शोधून सापडायचा नाही. एस.टी.च्या थांब्यावर, दूध डेअरीच्या रांगेत, यात्रेच्या वर्गणीच्या बैठकीत हा विषय निघाला की जो तो न्यायाधीश होतो आणि चहा संपायच्या आत निकालही देऊन टाकतो. म्हणून यंदा राज्यशास्त्र विभागाने अभिरूप न्यायालयासाठी हाच विषय निवडला तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांची वाण पडली नाही. अडचण आली ती पीठाची. तीन जणांच्या पीठावर दोन प्राध्यापक बसले आणि विद्यार्थ्यांतून माझी निवड झाली. पीठासाठी आधी एक टिपण तयार करावे लागते, त्याला 'बेंच मेमो' म्हणतात. ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

हे टिपण कसे असावे याविषयी माझे एक ठाम मत झाले आहे आणि ते आमच्या विभागातल्या काही मंडळींना पटलेले नाही. माझे म्हणणे असे की अभिरूप न्यायालयाच्या टिपणात निकाल असता कामा नये, निकालाचा वासही येता कामा नये. टिपणाची खरी किंमत त्यातल्या प्रश्नांत असते आणि ते प्रश्न दोन्ही बाजूंना सारख्याच खोलीवर टोचले पाहिजेत. हे नुसते बोलून पटणार नाही, म्हणून मी जे टिपण लिहिले तेच थोडक्यात वाचकांपुढे उलगडून ठेवते.

आधी हे टिपण म्हणजे काय ते सांगते. अमेरिकेतील अपील न्यायालयांत सुनावणीपूर्वी न्यायाधीशांचे कायदा-लिपिक असे टिपण लिहितात. त्यात खटल्याची हकीकत, वादाचे मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावरचे निवाडे आणि वकिलांना विचारण्याजोगे प्रश्न एवढे असते. पुष्कळदा शेवटी लिपिक आपली शिफारसही लिहितो. विधी महाविद्यालयांच्या स्पर्धांनी ही पद्धत उचलली. स्पर्धेत टिपण फक्त पीठाला मिळते, स्पर्धकांच्या हाती ते सुनावणी संपेपर्यंत पडू द्यायचे नसते. पीठावर बसणारा प्रत्येक जण त्या विषयातला जाणकार असतोच असे नाही. आमच्या पीठावरचे एक सर अर्थशास्त्र शिकवतात. त्यांना अर्ध्या तासात विषय कळावा आणि बोलणारा विद्यार्थी मुद्द्यावर आहे की भरकटला आहे हे ओळखता यावे, इतकेच टिपणाचे काम.

आता प्रत्यक्ष प्रकरण पाहू. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराजा' या प्रकरणात तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. त्यानंतर २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९६० च्या अधिनियमात आपल्या राज्यापुरती दुरुस्ती केली आणि तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या दुरुस्तीत बैलगाडा शर्यतीची व्याख्या आहे आणि बैलगाडा शर्यत, छकडी व शंकरपट ही आपल्याकडची नावेही तीत आहेत. या दुरुस्तीला आव्हान मिळाले. तमिळनाडूच्या अशाच दुरुस्तीविरुद्धचा वाद २ फेब्रुवारी २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपविला गेला आणि महाराष्ट्राचा वादही पुढे त्याच्याच सोबत चालला.

आमच्या प्रश्नपत्रिकेने घड्याळ या तारखेला थांबविले होते. स्पर्धकांनी २०१८ सालच्या फेब्रुवारीत उभे आहोत असे धरून बोलायचे. याचिकाकर्ते प्राणिमित्र, प्रतिवादी महाराष्ट्र शासन.

टिपण लिहायला बसल्यावर पहिले कठीण काम मुद्दा मांडण्याचे. गावात विचारा, मुद्दा एकच आहे: शर्यत ही आपली परंपरा आहे की नाही? शहरातल्या माणसाला विचारा, तोही एकच मुद्दा सांगेल: बैलाला त्रास होतो की नाही? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण न्यायालयापुढचा मुद्दा या शब्दांत लिहिला तर सुनावणीचे यात्रेच्या बैठकीत रूपांतर होईल. कारण अशा प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर असते आणि ते उत्तर प्रत्येकाने घरूनच आणलेले असते. मुद्दा असा लिहावा लागतो की ज्यात कायद्याचे एक पाऊल अडलेले दिसेल. मी पहिला मुद्दा असा लिहिला: 'सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ज्या कारणांवरून शर्यती बंद केल्या, ती कारणे २०१७ च्या दुरुस्तीने दूर झाली आहेत, की विधिमंडळाने केवळ निकाल फिरविला आहे?' दुसरा असा: 'एखादी प्रथा राज्याच्या संस्कृतीचा भाग आहे काय, हे ठरविणे न्यायालयाचे काम की विधिमंडळाचे?'

परंपरेचा प्रश्न इथे गेला कुठे नाही, हे पाहण्यासारखे आहे. तो दुसऱ्या मुद्द्यात आहेच. फक्त 'परंपरा आहे का' याऐवजी 'हे कोणी ठरवायचे' असा विचारला आहे. एवढ्या एका फरकाने वकिलाला संविधान उघडावे लागते.

दुसरे काम निवाड्यांचे. इथे नवख्याची चूक ठरलेली असते. तो निवाड्याचे नाव लिहितो आणि पुढे 'याचिकाकर्त्यास अनुकूल' असा शिक्का मारतो. नागराजा निकालावर असा शिक्का मारता येत नाही, कारण तो दोन पायांवर उभा आहे. एक पाय १९६० च्या अधिनियमाचा: कलम ३ मध्ये प्राणी बाळगणाऱ्याचे कर्तव्य सांगितले आहे, कलम ११ मध्ये क्रूरतेचे प्रकार, कलम २२ मध्ये खेळांवरील मनाई. दुसरा पाय संविधानाचा: अनुच्छेद ५१-क मधील सजीवांबद्दल दया बाळगण्याचे नागरिकांचे कर्तव्य आणि अनुच्छेद २१ मधील जीविताचा हक्क. याचिकाकर्ता दुसऱ्या पायावर भर देणार. संविधान तर बदललेले नाही, मग निकाल कायम, असे तो म्हणणार. शासन पहिल्या पायावर बोट ठेवणार. अधिनियमच बदलला, आता त्यावरचा निकाल कशाला लागू करता? म्हणजे निवाडा एकच आणि तो दोघांच्याही हातात. टिपणात हे दोन पाय वेगळे दाखविले नाहीत तर पीठाला वाद कुठे आहे हेच कळणार नाही.

प्रत्येक निवाड्यापुढे मी किती न्यायाधीशांचे पीठ होते तेही लिहिले. नागराजा प्रकरणात दोन न्यायाधीश होते. वाद पाच न्यायाधीशांपुढे असल्यामुळे ते नागराजा निकालाला बांधलेले नव्हते. हे ठाऊक नसलेला स्पर्धक 'सर्वोच्च न्यायालयाने एकदा सांगितले आहे' एवढ्यावर थांबतो आणि पीठालाही ते ठाऊक नसेल तर तो तसाच निसटतो.

पहिल्या मुद्द्यासाठी दुसरा महत्त्वाचा निवाडा म्हणजे १९६९ चा पृथ्वी कॉटन मिल्स विरुद्ध भडोच नगरपालिका. वाद कराचा होता, बैलांचा नव्हे, पण नियम इथे नेमका लागतो. न्यायालयाचा निकाल बंधनकारक नाही असे विधिमंडळाला नुसते जाहीर करता येत नाही. ज्या परिस्थितीवर निकाल आधारलेला होता तीच मुळातून बदलली पाहिजे. इतकी, की बदललेल्या परिस्थितीत न्यायालयाने तो निकाल दिलाच नसता. आणि शासनाच्या हाती अनुच्छेद २५४ चा दुसरा खंड आहे. समवर्ती सूचीतील विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असला, तरी राष्ट्रपतींची संमती मिळाल्यास तो त्या राज्यात चालतो. तमिळनाडूचा २००९ चा जल्लीकट्टूविषयक कायदा २०१४ मध्ये रद्द झाला तेव्हा त्याला ही संमती नव्हती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुरुस्तीला ती होती. एवढे चार निवाडे-अनुच्छेद मी ठेवले. आणखी दहा लिहिता आले असते, पण पीठावरच्या सरांनी सुनावणी चालू असताना पाने उलटत बसावे असे टिपण काय कामाचे?

आता प्रश्नांकडे येते. प्रत्येक वक्त्याला दहा मिनिटे होती. म्हणून प्रत्येक बाजूसाठी मी चारच प्रश्न लिहिले. त्यांतले दोन विचारले गेले तरी पुरेत असा हिशेब. प्रत्येक प्रश्नाखाली चांगले उत्तर काय असू शकेल तेही लिहिले. हे लिहिणे मला सर्वांत उपयोगी पडले, कारण ज्या प्रश्नाखाली काहीच लिहिता येत नाही तो सापळा असतो आणि ज्याखाली एक शब्द पुरतो तो फुकट जातो. असे पाच-सहा प्रश्न मी याच कसोटीवर खोडले.

याचिकाकर्त्यासाठी पहिला प्रश्न: '२०१४ चा निकाल अधिनियमावर किती आणि संविधानावर किती उभा आहे? अधिनियमाचा भाग वजा केला तर काय उरते?' त्याने अनुच्छेद २१ चे नाव घेतले तर पुढचा प्रश्न तयार: 'त्या अनुच्छेदात व्यक्तीच्या जीविताची हमी आहे. बैलाला ती हमी द्यायची तर कोणत्या शब्दांतून? आणि अनुच्छेद ५१-क हे नागरिकाचे कर्तव्य आहे. त्याच्या आधारे विधिमंडळाचा कायदा रद्द करता येतो काय?' चांगले उत्तर असे असू शकते: कर्तव्यावरून कायदा थेट रद्द होत नसला, तरी कायद्याचा अर्थ लावताना न्यायालय ते कर्तव्य वापरू शकते आणि क्रूरता थांबविण्यासाठी केलेल्या अधिनियमातच क्रूरतेला वाट करून देणे हे त्या अधिनियमाच्या हेतूशी विसंगत आहे.

शासनासाठी पहिला प्रश्न: 'बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, त्याचे शरीर शर्यतीत धावण्यासाठी घडलेले नाही, असे न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले. विधिमंडळाच्या दुरुस्तीने बैलाचे शरीर बदलले काय? नसेल, तर निकालाचे नेमके कोणते कारण दूर झाले?' ऐकायला हा प्रश्न टोमण्यासारखा वाटतो, पण त्याला उत्तर आहे. न्यायालयाने २०१४ मध्ये जी शर्यत पाहिली ती चाबूक, टोचणी आणि मारहाण असलेली होती. नव्या कायद्याने व नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्यकाची तपासणी आवश्यक केली आणि बैलाला यातना देण्यास मनाई केली. म्हणजे कायद्यापुढची शर्यतच आता वेगळी आहे. हे उत्तर आले की पुढचा प्रश्न: 'कागदावरची शर्यत वेगळी झाली, घाटातली झाली नाही, तर कायदा टिकतो काय?'

दोन्ही याद्या लिहून झाल्यावर मी त्या शेजारी शेजारी ठेवल्या. याचिकाकर्त्याचा सर्वांत कच्चा दुवा म्हणजे प्राण्याला मूलभूत हक्क आहे हे सांगणे. शासनाचा सर्वांत कच्चा दुवा म्हणजे नियम आणि व्यवहार यांतील अंतर. दोन्ही याद्यांचा शेवटचा प्रश्न नेमका तिथे पोचतो की नाही, हे पाहिले. एका बाजूला 'तुम्ही सविस्तर सांगा' आणि दुसऱ्या बाजूला 'हे तुम्ही कसे म्हणू शकता' असे झाले असेल तर टिपण लिहिणाऱ्याचे मत उघडे पडते. त्याने निकाल लिहिला नसला तरी तो दिला असतो.

आणखी एक गोष्ट आमच्या भागातल्या मुलामुलींना विशेष सांभाळावी लागते. आपल्याकडे गाड्याच्या पुढे घोडी धावते. बारी सेकंदांत मोजतात. सांगली-कोल्हापूरकडच्या शर्यतीत हाकणारा गाडीवर असतो, आपल्या घाटात तसे नसते. हे सारे मला ठाऊक आहे, पण प्रश्नपत्रिकेत यातले काहीच दिलेले नव्हते. मग घोडीविषयी प्रश्न लिहिणे हा अन्याय झाला असता, कारण ज्या स्पर्धकाने घाट पाहिलेला नाही त्याला त्याचे उत्तर कागदपत्रांत कुठेच सापडले नसते. पीठाने नोंदीतलेच विचारावे. स्वतःचे ज्ञान गिळून बसणे हे टिपणातले सर्वांत अवघड काम आहे असे मला वाटते.

ते मला अधिक अवघड गेले याला कारण आहे. आमच्या दावणीला शर्यतीची एक जोडी आहे. ती चुलत्यांनी सांभाळली आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मी काय लिहिते आहे याची घरात सगळ्यांना उत्सुकता. चुलते म्हणाले, "लिही की, आपली परंपरा हाय म्हणून." मी म्हटले, "तात्या, मला दोन्हीकडचं लिहायचंय." त्यावर ते म्हणाले, "मग तुझं सोताचं काय हाय?" या प्रश्नाचे उत्तर टिपणात नव्हते आणि ते नसणे मला योग्यच वाटते. शासनाला विचारायचा तो शेवटचा प्रश्न, घाटातल्या शर्यतीचा, मी त्यांच्याच ओसरीवर बसून लिहिला. तो सौम्य करावा असे वाटले नाही असे नाही. पण तो सौम्य केला असता तर शासनाच्या बाजूने बोलणाऱ्या मुलीला आपली बाजू खरोखर सिद्ध करण्याची संधीच मिळाली नसती. अवघड प्रश्न म्हणजे विरोध असे आपल्याकडे समजतात. वस्तुतः ज्याला अवघड प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचा युक्तिवाद किती पक्का होता हे कोणालाच कळत नाही.

विभागातील काही प्राध्यापकांचे मत असे की निदान शेवटी 'योग्य उत्तर' तरी द्यावे. खरा निकाल लागलेला आहे, मग लपवायचे कशाला? हा आक्षेप वजनदार आहे. निकाल खरोखरच लागलेला आहे. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना तात्पुरती वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. पण अभिरूप न्यायालयात गुण बाजूला मिळत नाहीत, मांडणीला मिळतात. पीठाच्या हातात 'योग्य उत्तर' दिले की हरलेल्या बाजूने कितीही नेटके बोलले तरी ते कानाला चुकीचेच वाटणार. खऱ्या न्यायालयातल्या लिपिकाने शिफारस लिहावी, कारण तिथे कोणाचे तरी खरेच काही जाणार असते आणि न्यायाधीशाला निर्णय द्यायचाच असतो. आमच्या पीठाला तो द्यायचा नव्हता.

शिवाय २०२३ चा निकाल टिपणाच्या नजरेने वाचला की त्यात गावात सांगतात ते सापडत नाही. गावात सांगतात, 'कोर्टाने आपली परंपरा मान्य केली.' न्यायालयाने म्हटले ते असे: एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे काय याचा सखोल निर्णय न्यायालयाने करू नये, विधिमंडळाने तो केला आहे आणि त्यात आम्ही हात घालत नाही. म्हणजे आमच्या दुसऱ्या मुद्द्याचे, 'कोणी ठरवायचे' याचे, उत्तर न्यायालयाने दिले. पहिल्या मुद्द्यावर ते म्हणाले की २०१४ मध्ये शर्यती ज्या रीतीने होत होत्या त्या रीतीवर तो निकाल होता. दुरुस्ती आणि नियम यांनी ती रीत बदलली आहे. प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे त्यांनी मान्य केले नाही. आणि नियम काटेकोर पाळले जातील हे पाहण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली. याचा सरळ अर्थ असा की आपली शर्यत नियमांच्या आधारावर जिवंत आहे. ज्या घाटात नियम मोडतील, त्या घाटातल्या शर्यतीमागे २०२३ चा निकाल उभा नाही. चुलत्यांना मी हे वाचून दाखविले. ते बराच वेळ गप्प होते.

शेवटी विभागाला एक सूचना. सुनावणी झाली की हे टिपण कपाटात जाते आणि तिथेच राहते. पुढील वर्षापासून स्पर्धा संपताच त्याची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी. आपल्याला कोणता प्रश्न येणार होता, त्याचे बरे उत्तर काय होते आणि प्रतिपक्षाला किती कठीण विचारले गेले, हे दोन्ही बाजूंच्या स्पर्धकांना स्वतः ताडून पाहता येईल. आणि टिपणात एका बाजूला झुकते माप पडले असेल, तर तेही त्यांनाच सर्वांत आधी दिसेल.